उन्हाळी शिबिराची जाहिरात: पालकांच्या मोबाईल-चिंतेबद्दल काय लिहावं, काय लिहू नये?

वडाखाली
नमस्कार मंडळी. मी साताऱ्यात एका शाळेत खेळ शिकवते. मेच्या सुट्टीत मी आणि माझ्या दोन सहकारी शाळेच्या मैदानावर मुलांचं शिबिर घेतो. वयोगट ८ ते १२, रोज सकाळी साडेसात ते साडेअकरा, एकूण दहा सकाळी. यंदा ४ ते १४ मे, मधला रविवार सुट्टी. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवायला मजकूर लिहायचाय आणि तिथेच अडलेय.

गेल्या वर्षीचा मजकूर असा होता:

"मोबाईलचं व्यसन सोडवा! तुमचं मूल दिवसभर मोबाईलमध्ये असतं? जेवताना यूट्यूब लागतं? वेळीच जागे व्हा! आमच्या १० दिवसांच्या डिजिटल डिटॉक्स शिबिरात तुमच्या मुलात कायमचा बदल घडेल. मर्यादित जागा! आजच नाव नोंदवा!"

फोन भरपूर आले. जवळजवळ साठ पालक बोलले, आली चौदा मुलं. त्यातल्या दोघांनी तिसऱ्या दिवसापासून येणं बंद केलं. एक नऊ वर्षांचा मुलगा पहिल्या सकाळी वडाच्या पारावर बसून राहिला. जवळ जाऊन विचारलं तर म्हणाला, "मला शिक्षा म्हणून पाठवलंय." वर्षभर ते वाक्य डोक्यातून गेलेलं नाही.

पालकांची काळजी खरी आहे, मी रोज बघते. मग ती जाहिरातीत आणायची तरी कशी?

---

दुपारचा चहा
"जेवताना यूट्यूब लागतं?" आमच्याकडे मुलांच्या बाबांना लागतं. वय ४१. बसतील का वयोगटात?

---

सरळरेषा
ताई, तुमच्या मजकुरात मला काहीच चूक दिसत नाही. मी क्लासच्या जाहिराती करतो. भीती घातल्याशिवाय पालक हलत नाही, हा माझा बारा वर्षांचा अनुभव आहे. साठ फोन आले म्हणजे मजकुराने त्याचं काम केलं. फोनवर बोलून प्रवेश पक्का करणं हे वेगळं कौशल्य आहे, ते कमी पडलं असेल.

उलट त्यात संशोधन घाला. कॅलिफोर्नियात सहावीच्या मुलांना पाच दिवस स्क्रीनशिवाय निसर्ग शिबिरात ठेवलं आणि त्यांना दुसऱ्याच्या चेहऱ्यावरच्या भावना जास्त चांगल्या ओळखता यायला लागल्या. पाच दिवसांत एवढा फरक, तर तुमचे दहा दिवस आहेत. "विज्ञानाने सिद्ध" असं ठळक टाका.

---

तिसरा मजला
मी तो पालक आहे जिच्यासाठी हे लिहिलं जातं, म्हणून बोलते.

मुलगी नऊ वर्षांची. मी घरून काम करते, नवरा सकाळी आठला बाहेर. सुट्टीत अकरा वाजता माझी मीटिंग सुरू झाली की मीच तिच्या हातात टॅब देते. मी स्वतः देते, हे लक्षात घ्या. "वेळीच जागे व्हा" वाचलं की मला वाटतं कोणीतरी माझ्या स्वयंपाकघरात येऊन माझ्यावर ओरडतंय. असा मेसेज मी पूर्ण वाचत नाही, पुढे पाठवायचं तर दूरच. सोसायटीच्या ग्रुपवर तो टाकला तर बाकीच्या बायकांना वाटेल मी त्यांना टोमणा मारतेय.

आणि माझा खरा प्रश्न शिबिराच्या चार तासांचा नाहीच. तिथे तर ती मजेत असेल. मला साडेअकरा ते पाचची काळजी आहे. दमून घरी येणार, जेवणार आणि सोफ्यावर टॅब घेऊन पडणार. त्याबद्दल कुठल्याही शिबिराच्या पत्रकात एक ओळ नसते.

---

रिमझिम
माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे, कार्टूनशिवाय घास गिळत नाही. तुमच्या शिबिरात घ्याल का? किंवा फोन लॉक करायचं चांगलं अ‍ॅप कोणी सुचवेल का?

---

वडाखाली
रिमझिम, इतक्या लहान मुलांना आम्ही घेत नाही गं, मैदानावर आठ वर्षांखालच्यांना सांभाळायला आमच्याकडे माणसं नाहीत.

तिसरा मजला, तुमचं वाचून थांबले. दुपारचा विचार आम्ही कधी केलाच नव्हता.

---

आजोळ
आमच्या वेळी शिबिर नव्हतं की जाहिरात नव्हती. परीक्षा संपली की एस.टी.त बसवायचे, उतरलो की थेट विहिरीवर. आंब्याच्या अढीत हात घालून पिकलेला आंबा नुसत्या वासावरून काढायचा, हेच शिबिर. दोन महिने कोणी विचारायचं नाही पोरं कुठे आहेत.

---

तिसरा मजला
आजोळ, माझंही बालपण असंच गेलं. पण माझ्या मुलीला एकच मावसभाऊ आहे, तो पुण्यात असतो, आणि गावच्या विहिरीवर आता जाळी आहे. म्हणूनच पैसे भरून दहा सकाळी विकत घ्यायच्या आहेत.

---

शाईची दौत
जाहिरातींचा मजकूर लिहिणं हेच माझं काम आहे, वीस वर्षं होतील. शाळा, नर्सरी, शिबिरं अशी बरीच कामं केली आहेत. जरा लांबीने लिहितो.

वडाखाली, तुमचा मजकूर फसला कारण तो एकाच वाचकासाठी लिहिलाय. शिबिराच्या मेसेजला तीन वाचक असतात. पहिली आई, रात्री दहाला, दमलेली, अंथरुणावर. दुसरे बाबा. त्यांना आई तो मेसेज पाठवते आणि ते फक्त फी, वेळ आणि जागा शोधतात. तिसरं म्हणजे ते मूल. हा वाचक सगळे विसरतात. दुसऱ्या दिवशी सकाळी आई मेसेज मोठ्याने वाचून दाखवते, "बघ, जायचं का इथे?" आणि पोरगं ऐकतं: "मोबाईलचं व्यसन सोडवा." त्याच्या कानाला ही शिक्षेची जागा वाटते. तुमचा पारावर बसलेला मुलगा जाहिरात अगदी बरोबर समजला होता.

त्यामुळे मी एक कसोटी लावतो. मजकूर नऊ वर्षांच्या मुलासमोर मोठ्याने वाचायचा. कुठल्या वाक्याला त्याचा चेहरा पडतो ते बघायचं आणि ते वाक्य काढायचं. तुमच्या मजकुरात काढल्यावर फक्त "आजच नाव नोंदवा" उरतं.

दुसरं, त्यात शिबिरच नाही. पुन्हा वाचा. मुलं काय करणार याचा एक शब्द नाही. फक्त काय नसेल ते आहे. "मोबाईल नाही" यात मुलाला काहीच मिळत नाही. सकाळी साडेसातला तुमच्या मैदानावर प्रत्यक्ष काय चालतं ते सांगा, मग पुढचं लिहू.

सरळरेषा यांनी सांगितलेला कॅलिफोर्नियाचा अभ्यास खरा आहे, २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. शिबिरात साधारण पन्नास मुलं होती, आणि तुलनेसाठी नेहमीसारखं राहणारी तेवढीच. पण चाचणी पाच दिवस संपताच घेतली होती. महिन्याभराने काय उरलं, घरी जाऊन मुलांनी स्क्रीन कमी केला का, हे त्यात मोजलेलं नाही. शिवाय ती मुलं चोवीस तास शिबिरात राहत होती. तुमची साडेअकराला घरी जातात. "विज्ञानाने सिद्ध" लिहिलंत आणि एखाद्या वडिलांनी पुरावा मागितला तर त्यांच्या हातात काय देणार? "कायमचा बदल" हा शब्द तर कुठलंच शिबिर सिद्ध करू शकणार नाही. फसव्या जाहिरातींविरुद्ध २०२२ पासून केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली. दावा केला तर त्याला आधार दाखवता आला पाहिजे. छोट्या शिबिरावर कोणी चालून येईल म्हणून हे सांगत नाही. खोटं वचन दिलेल्या पालकाला पुढच्या वर्षी पुन्हा तोंड द्यायचं असतं, म्हणून सांगतो.

---

सरळरेषा
दौत, ठीक आहे, अभ्यासाबद्दल मी जास्त बोललो. पण भीतीबद्दल मागे हटत नाही. पालकाच्या मनात जे आहे ते पहिल्या ओळीत नसेल तर तो थांबणारच नाही. त्याच्या ग्रुपवर दिवसाला दोनशे मेसेज येतात.

---

कासवगती
"व्यसन" या शब्दाबद्दल मला बोलायचंय, विषय माझ्या घरातला आहे.

माझा भाचा नववीत होता. रात्री तीन-तीनपर्यंत गेम, शाळा बुडायला लागली, जेवण खोलीत, फोन काढून घेतला की भांडी फेकायचा. हे वर्षभर चाललं. ताईने अशीच एक जाहिरात वाचली, "व्यसनमुक्ती, सात दिवसांत, खात्रीशीर". ते शिबिर घेणारे लोक भले होते, पण ट्रेकिंग आणि योगासनांपलीकडे त्यांच्याकडे काही नव्हतं. चौथ्या दिवशी तो पळून आला. त्यापेक्षा वाईट म्हणजे ताईने ठरवलं की आता सगळे उपाय संपले, आणि पुढचे चार महिने डॉक्टरकडे नेलंच नाही. शेवटी मानसोपचारतज्ज्ञाकडे नेलं. हळूहळू बरं वाटतंय.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादीत गेमिंगचा विकार आहे. त्यात साधारण वर्षभर चाललेलं वागणं बघतात, ज्याने शाळा, झोप, नाती कोलमडतात. जेवताना यूट्यूब बघणारं मूल त्यात येत नाही. आणि जे खरंच येतं त्याला दहा सकाळींचं शिबिर पुरत नाही. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये याच कामासाठी २०१४ पासून वेगळं क्लिनिक आहे. वडाखाली ताई, हात जोडून सांगते, तो शब्द काढाच. तुम्ही दोन्ही प्रकारच्या पालकांना चुकीचं सांगताय.

---

वडाखाली
काढला. आत्ताच काढला. आणि असा एखादा फोन आलाच तर "आमचं शिबिर त्यासाठी नाही, डॉक्टरांना दाखवा" असं स्पष्ट सांगायचं, हे आम्ही तिघींनी ठरवलंय.

दौत, मैदानावर काय चालतं ते सांगते. लगोरी, पण मुलं स्वतः ओढ्यात दगड शोधून सात ठिकऱ्या बसवतात. यालाच दोन दिवस जातात, कारण पहिली रचना उभीच राहत नाही. दोरीच्या पाच गाठी. चिकणमाती. वडाला फळं असतात तेव्हा तांबट येतात, त्यांचं टुक-टुक ऐकून कोण कुठल्या फांदीवर आहे ते शोधायचं. मैदानाचा नकाशा पावलांनी मोजून. एक दिवस चुलीत भाजलेले कांदे-बटाटे. शेवटच्या दिवशी सहाला अजिंक्यतारा.

---

दुपारचा चहा
हे वाचून मलाच यायचंय. बाबांचं राहू द्या.

---

शाईची दौत
झालं की मग! ही तुमची जाहिरात आहे आणि तुम्ही ती इथे प्रतिसादात लिहून टाकलीत. "पहिली रचना उभीच राहत नाही" हे वाक्य तसंच्या तसं ठेवा. हे ऐकून मुलाला वाटतं, मी उभी करून दाखवतो.

---

चष्मेवाली
मी डोळे तपासते. माझ्याकडे सुट्टीत हमखास शिबिरांची पत्रकं येतात, "स्क्रीनपासून सुटका, चष्म्याचा नंबर कमी" असं लिहिलेली. कृपया हे कोणी लिहू नका. लागलेला नंबर मैदानावर खेळून उतरत नाही.

खरं काय ते सांगते. चीनमध्ये ग्वांगझूच्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जादा मोकळ्या उजेडात नेलं. तीन वर्षांनी त्या शाळांमध्ये सुमारे ३० टक्के मुलांना लांबचं धूसर दिसायला लागलं होतं, बाकीच्या शाळांमध्ये सुमारे ४० टक्के. म्हणजे बाहेरच्या उजेडाने नंबर लागणं काही मुलांत टळतं किंवा लांबतं. पण हे तीन वर्षं रोज केल्यावर. दहा सकाळींनी नाही.

तुमच्या जाहिरातीत म्हणायचंच असेल तर इतकंच म्हणा की चार तास मुलं उघड्यावर, झाडाच्या सावलीत असतील. सावलीतला उजेडही खोलीतल्या उजेडापेक्षा कितीतरी जास्त असतो, त्यामुळे ऊन टाळलं तरी चालतं. डोळ्यांचा उल्लेखही करू नका.

---

एडिसनकर
न्यू जर्सीहून. इथे मुक्कामी शिबिरांची नावनोंदणी जानेवारीतच सुरू होते, आणि बहुतेक ठिकाणी मुलांना फोन आणू देत नाहीत. माझा मुलगा गेल्या वर्षी दोन आठवडे गेला. त्याला फोनची आठवण आली नाही. मला आली. शिबिरवाले रोज रात्री दोन-तीनशे फोटो टाकायचे आणि मी रात्री बारापर्यंत त्यात त्याचा चेहरा शोधत बसायचे. एका फोटोत तो बाजूला उभा दिसला, हसत नव्हता, तर मला झोप नाही. घरी आल्यावर विचारलं तर म्हणाला, तेव्हा शिंक येत होती.

सांगायचा मुद्दा, मुलांचा स्क्रीन बंद करताना पालकांचा किती वाढतो तेही बघा.

---

वडाखाली
एडिसनकर, अगदी! गेल्या वर्षी आमच्या ग्रुपवर सकाळी आठपासून "फोटो टाका ना मॅडम" सुरू व्हायचं. मग माझी सहकारी लगोरीच्या मधे फोन काढून उभी. मुलं खेळ सोडून पोझ द्यायची. एक मुलगी म्हणाली, "ताई, तुम्हीच मोबाईलमध्ये असता." मला उत्तर सुचलं नाही.

---

शाईची दौत
हे जाहिरातीतच ठरवून टाका, शिबिर सुरू झाल्यावर नाही. "फोटो रोज दुपारी एक वाजता, मुलांनी केलेल्या कामाचे, चेहऱ्यांचे नाही." ज्या पालकाला हे चालणार नाही तो नोंदणीच्या आधीच विचारेल, आणि तेच हवं. शिवाय माहिती संरक्षणाचा २०२३ चा कायदा १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानतो आणि पालकांची संमती मागतो. चेहऱ्याचे फोटो घ्यायचेच असतील तर अर्जावर वेगळी सही घ्या. पुढच्या वर्षीच्या जाहिरातीत मुलाचा फोटो वापरायला आणखी वेगळी. चेहरेच नसतील तर हा सगळा व्याप वाचतो.

आता दुपार. तिसरा मजला यांचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात मोलाचा आहे असं मला वाटतं. पालकांची स्क्रीनची चिंता शिबिराच्या वेळेत नसतेच, ती उरलेल्या दिवसाची असते. जाहिरात त्या तासांबद्दल गप्प राहिली की आईला कळतं, यांनी माझ्या घराचा विचार केलेला नाही. वचन देऊ नका. पण काहीतरी हातात द्या.

---

वडाखाली
रोज घरी करायला एक छोटं काम देऊ शकतो. उदाहरणार्थ शिकवलेली गाठ वापरून खुर्चीला झोळी बांधायची.

---

तिसरा मजला
चांगलं आहे, पण दोन अटी घाला. एक, आईला शेजारी बसावं लागता कामा नये. मागे एका शिबिराने रोज "पालकांसोबत करा" असा उपक्रम दिला होता. मला मीटिंगमधून उठून रंग कालवावे लागायचे. चौथ्या दिवशी मीच टॅब दिला. दुसरं, त्या उपक्रमांची कृती होती यूट्यूबच्या लिंकवर! पोरगी कागदाचा पक्षी बघायला गेली आणि तासाभराने स्लाईमचे व्हिडिओ बघत होती.

---

चष्मेवाली
लिंकचं अगदी खरं. कागदावर चार चित्रं काढून द्या.

---

वडाखाली
दोन दिवस तिघी बसलो. माझ्या भाचीला, वय दहा, मोठ्याने वाचून दाखवलं. दोन वाक्यांना तिचा चेहरा पडला, ती काढली. एक होतं "मुलांमध्ये शिस्त येते". हे आहे:

"तुम्ही रचलेली लगोरी पहिल्या फटक्याआधीच पडते का? आमचीही पडते. म्हणून आधी ओढ्यात दगड शोधायला दोन सकाळी लागतात.

४ ते १४ मे, रविवार सुट्टी. सकाळी ७:३० ते ११:३०. वय ८ ते १२. सातारा, शाळेचं मैदान, वडाखाली. २४ मुलं, तीन ताया. फी २,२०० रुपये, त्यात दोरी, माती आणि रोजचा नाश्ता.

दोरीच्या पाच गाठी, पावलांनी मोजलेला नकाशा, वडावरचे तांबट, चुलीतले बटाटे आणि शेवटच्या दिवशी सहा वाजता अजिंक्यतारा.

आईबाबांसाठी: या चार तासांत मुलांकडे फोन किंवा स्मार्टवॉच नसेल. तायांकडेही नसेल. एक साधा फोन कार्यालयात असेल, त्यावर कधीही बोला. फोटो दुपारी एक वाजता, मुलांच्या कामाचे. दुपारी घरी स्क्रीन किती बघायचा हे तुमचं घर ठरवेल. आम्ही रोज कागदावर एक काम देऊ. त्याला दोरी, पेन्सिल किंवा चार वाट्या लागतील, तुम्ही शेजारी बसायची गरज नाही. तास-दीड तास त्यात जावा असा प्रयत्न आहे, रोज जाईलच असं नाही."

---

कासवगती
"तुमचं घर ठरवेल." वाचून बरं वाटलं. कोणी ओरडत नाही.

---

तिसरा मजला
हा मी पुढे पाठवीन. आमच्या ग्रुपवरच्या सगळ्यांना.

"रोज जाईलच असं नाही" काढू नका हं. तेच वाचून विश्वास बसला.

---

सरळरेषा
प्रामाणिकपणे सांगतो, मजकूर छान आहे, पण पहिली ओळ चालणार नाही. लगोरीवर कोण थांबतं? "सुट्टीत मोबाईलऐवजी काय?" एवढं तरी वर घ्या. ओरडू नका, पण विषय तरी सांगा. शिवाय फी अशी उघडी टाकलीत तर निम्मे लोक फोनच करणार नाहीत.

---

शाईची दौत
फीबद्दल नाही पटत. साठ फोन आणि चौदा मुलं यात छेचाळीस वाया गेलेली संभाषणं आहेत. त्यातले बरेच फी ऐकून थांबले असतील. ते घरीच वाचून थांबू देत.

पहिल्या ओळीचा मुद्दा मात्र विचार करण्यासारखा आहे. लॉक झालेल्या फोनवर पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात आणि लांब मेसेज "अधिक वाचा"पाशी तुटतो. तिथपर्यंत तारीख, वय आणि गाव आलंच पाहिजे. लगोरीची ओळ मुलासाठी उत्तम, पण रात्री दहाच्या आईसाठी तारखेची ओळ वर हवी असेल. मलाही खात्रीने सांगता येत नाही. दोन आवृत्त्या करा. एकीत लगोरी वर, एकीत सरळरेषा यांची ओळ वर. बाकी अक्षर बदलू नका. वेगवेगळ्या ग्रुपवर टाका, आणि फोन आला की "कुठल्या ग्रुपवर वाचलंत?" एवढंच विचारून वहीत लिहा. आणि लोक पहिला प्रश्न कुठला विचारतात तोही. जो प्रश्न तीनदा येईल त्याचं उत्तर मजकुरात नाही असं समजायचं.

आणि हे सगळं फक्त चित्रात टाकू नका, मजकूर म्हणूनही पाठवा. आठवड्याने आई ग्रुपमध्ये "शिबिर" शोधते, तेव्हा चित्रातली अक्षरं सापडत नाहीत.

---

वडाखाली
पाच दिवसांनी लिहितेय. दोन्ही आवृत्त्या चार-चार ग्रुपवर टाकल्या.

सरळरेषा, तुमच्या ओळीला फोन जास्त आले: सतरा. लगोरीला अकरा. पण आजवर फी भरलेली मुलं तुमच्याकडून सहा, लगोरीकडून सात. एवढ्यावरून काही ठरवणं अवघड आहे, मी अजून वही चालू ठेवलीय. एक फरक मात्र कानाला जाणवला. लगोरीवाल्या फोनमध्ये मागून मुलाचा आवाज येतो, "दगड घरून आणायचे का विचार!" तुमच्या ओळीच्या फोनमध्ये पालक आधी पाच मिनिटं स्वतःच्या घरचं सांगतात. एक आई रडली. मी ऐकून घेतलं.

---

सरळरेषा
सतरा बघून बरं वाटलं, सहा बघून विचारात पडलो. वही पूर्ण झाली की इथे टाका ताई, मलाही क्लासच्या मजकुरात करून बघायचंय.

---

शाईची दौत
आणि तीनदा आलेला प्रश्न?

---

वडाखाली
एकच, आणि तो तीनदा नाही, नऊदा आला: "वळीव आला तर?" मेमध्ये साताऱ्यात तो येतोच, पण आमच्या सकाळच्या वेळेत क्वचित, म्हणून आमच्या डोक्यातच नव्हतं. आज ओळ घातली: "पाऊस आला तर शाळेच्या व्हरांड्यात, माती आणि गाठी. टीव्ही लावणार नाही."

---

तिसरा मजला
शेवटचं वाक्य मोठ्याने वाचलं. मुलगी म्हणाली, "मग पावसात भिजायला सोडतील का ते विचार." तर ताई, विचारते.

---

वडाखाली
वीज नसेल तर सोडू. जादा कपड्यांचा जोड पिशवीत द्या.